मामाचा प्रश्न: नातेसंबंध आणि क्षेत्रकार्याचं वाचन टिपणात बसवताना

आमच्या मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमात नातेसंबंध आणि क्षेत्रकार्य हे दोन घटक एकाच पेपरात येतात. जूनच्या सुरुवातीला त्यांच्या वाचनाचा गठ्ठा हातात आला. रिव्हर्सची वंशावळी पद्धत, मॅलिनोव्स्कीचं ट्रोब्रियांड बेटांवरचं लेखन, रॅडक्लिफ-ब्राउनचा मामावरचा निबंध, त्यावर लेव्ही-स्ट्रॉसनं केलेली मांडणी आणि शेवटी श्नायडरची टीका, असा तो सगळा ऐवज. ऑक्टोबरअखेर या सगळ्याचं टिपण जमा करायचं होतं. नमुना ठरलेला होता: दहा पानांची मर्यादा आणि तीन भाग. पहिल्यात संज्ञांच्या व्याख्या, दुसऱ्यात विचारपरंपरांमधले फरक, तिसऱ्यात परीक्षेत येतील अशा तुलना आणि त्यांची उत्तरं. लेखी पेपर नोव्हेंबरात. मला या सगळ्यात कसली भीती वाटत होती ते सांगते. गठ्ठ्यातला प्रत्येक लेखक आधीच्या लेखकाचे शब्द वापरतो, पण वेगळ्या अर्थानं. 'वंश', 'कुटुंब', 'नातं' हे शब्द पानोपानी येतात आणि प्रत्येक पानावर थोडे सरकतात. याच पेपराला बसणाऱ्या पुढच्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून काम जसं झालं तसं लिहिते आहे.

पहिल्या वाचनात मी टिपणं काढलीच नाहीत. प्रत्येक लेखापाशी कोऱ्या कागदावर फक्त एक वाक्य लिहीत गेले: हा लेखक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे? यात जून सरला, आणि 'अजून एकही व्याख्या लिहून झाली नाही' ही धाकधूक रोज होती. पण कागद शेजारी शेजारी मांडले तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. या गठ्ठ्यात पुन्हा पुन्हा येणारा माणूस आहे मामा. रॅडक्लिफ-ब्राउनचा निबंध त्याच्यावरच आहे. लेव्ही-स्ट्रॉस त्याच निबंधाला उत्तर देतो. मॅलिनोव्स्कीच्या बेटांवर मामा हाच अधिकाराचा माणूस. मग मी ठरवलं, सगळं टिपण मामाच्या प्रश्नाभोवती बांधायचं. प्रश्न असा: काही समाजांत भाचा मामाशी वाटेल तितकी सलगी करतो आणि काही समाजांत त्याच्या धाकात राहतो, हे कशामुळे? पेपराच्या जवळजवळ सगळ्या संज्ञा या एका प्रश्नाला कुठे ना कुठे चिकटतात, म्हणून तो निवडला.

जुलै व्याख्यांवर गेला. व्याख्या पाठ करायला सोपी आणि वापरायला अवघड असते. 'वंशानुक्रम म्हणजे पूर्वजांपासून गटाचं सदस्यत्व मिळण्याचा नियम' असं लिहिलं तर गुण मिळतील, पण समोर एखाद्या समाजाचं वर्णन आलं की हे वाक्य काहीच करून देत नाही. आमच्या बाईंना पहिला मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "या व्याख्येनं तू गावात जाऊन कोणता प्रश्न विचारशील?" तिथून मला रीत मिळाली. प्रत्येक संज्ञेपुढे आधी तिचा प्रश्न लिहायचा, मग व्याख्या. वंशानुक्रमाचा प्रश्न: जन्मलेलं मूल कोणाच्या गटातलं मोजतात? वारशाचा प्रश्न: माणूस गेल्यावर त्याची मालमत्ता कोणाकडे जाते? उत्तराधिकाराचा: त्याचं पद कोणाला मिळतं? निवासनियमाचा: लग्नानंतर जोडपं कुठे राहतं? आणि अधिकाराचा: मुलाला रागावायचा, त्याच्यासाठी निर्णय घ्यायचा हक्क कोणाचा?

हे पाच प्रश्न वेगवेगळे ठेवले की मोठा गोंधळ टळतो. ट्रोब्रियांड बेटांचंच घ्या; ही बेटं न्यू गिनीच्या पूर्वेला आहेत. तिथे मूल आईच्या गटातलं. प्रमुखाचं पद त्याच्या मुलाला न मिळता बहिणीच्या मुलाला मिळतं. म्हणजे वंशानुक्रम आणि उत्तराधिकार दोन्ही आईकडून चालतात. पण निवासाचा प्रश्न विचारला की उत्तर उलटं येतं: बायको नवऱ्याच्या गावी राहायला जाते. त्यामुळे मूल बापाच्या घरी, बापाच्या अंगाखांद्यावर वाढतं आणि ज्या गावावर त्याचा हक्क आहे ते गाव मात्र मामाचं असतं. आणि अधिकार कोणाचा? आईचा नाही, मामाचा. 'मातृवंशीय' समाजाला 'मातृसत्ताक' म्हणणं ही उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त दिसणारी चूक का होते ते इथे कळतं. लिहिणाऱ्यानं वंशानुक्रमाच्या प्रश्नाचं उत्तर अधिकाराच्या रकान्यात टाकलेलं असतं. आपल्या व्याख्या नीट झाल्या आहेत की नाही हे ओळखायची माझी खूण हीच राहिली: एकच समाज घ्यायचा आणि पाचही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या वाक्यांत लिहायची. दोन वाक्यं आपोआप एक होऊ लागली, तर त्या दोन संज्ञांमधली रेघ अजून पुसट आहे.

या पद्धतीनं दोन-अडीच पानांत व्याख्या बसल्या. क्षेत्रकार्याच्या संज्ञा तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवल्या. त्या सुट्या लिहायच्या नाहीत एवढंच ठरलं होतं, त्यांचं काय करायचं ते ठरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये विचारपरंपरांना हात घातला. सुरुवात केली ती गठ्ठ्यात नसलेल्या, पण रॅडक्लिफ-ब्राउनच्या निबंधात उल्लेख असलेल्या माणसापासून. आंरी ज्युनो हा स्विस मिशनरी आग्नेय आफ्रिकेतल्या थोंगा लोकांमध्ये बरीच वर्षं राहिला आणि १९१२-१३ मध्ये त्यांच्यावर त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. थोंगा पितृवंशीय आहेत. तरीही तिथे भाच्याला मामाच्या घरी मोठी मोकळीक. मामासाठी रांधलेलं तो खाऊन टाकू शकतो. तो आजारी पडला तर मामा त्याच्यासाठी बळी देतो. मामा पूर्वजांना नैवेद्य दाखवतो तेव्हा भाचा त्यातला वाटा पळवून खातो आणि कोणी रागावत नाही. मामाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतल्या काही गोष्टींवरही भाचा हक्क सांगतो. ज्युनोचं उत्तर त्या काळाला धरून होतं: हा समाज कधीकाळी मातृवंशीय असणार आणि मामाचे हे लाड म्हणजे त्या जुन्या व्यवस्थेचे अवशेष.

१९२४ मध्ये रॅडक्लिफ-ब्राउननं हे स्पष्टीकरण बाजूला सारलं. त्याचं म्हणणं, भूतकाळाबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा आज ही वागणूक समाजाच्या बाकीच्या व्यवस्थेशी कशी जुळते ते पाहा. मामाकडे एकट्याकडे पाहू नका, आत्याकडेही पाहा. पितृवंशीय समाजात बाप धाकाचा, आई मायेची. बापाबद्दलची भावना बापाच्या भावंडांपर्यंत पसरते, म्हणून आत्याचा मान राखायचा; ती जणू 'स्त्री-पिता'. आईबद्दलची भावना तिच्या भावंडांपर्यंत पसरते, म्हणून मामा जणू 'पुरुष-माता' आणि त्याच्याशी सलगी. यालाच कार्यवादी किंवा संरचना-कार्यवादी स्पष्टीकरण म्हणतात. त्यातला सगळा जोर कुटुंबातून बाहेर पसरत जाणाऱ्या भावनेवर आणि वंशगटावर आहे.

हा निबंध वाचताना आत्याचा मुद्दा मला फार आवडला. एका नात्याचं स्पष्टीकरण दुसऱ्या नात्यावर तपासता येतं, हे इथे पहिल्यांदा नीट पटलं. मामाचं स्पष्टीकरण खरं असेल तर आत्याबद्दलही काहीतरी दिसायला हवं, आणि ते दिसतं.

लेव्ही-स्ट्रॉसला मात्र एवढं पुरत नाही. त्याचा लेख १९४५ चा, आणि गठ्ठ्यातला सगळ्यात अवघड. त्याचं म्हणणं असं की मामा कुटुंबाला बाहेरून येऊन चिकटत नाही. तो सुरुवातीपासूनच तिथे असतो, कारण एखाद्या पुरुषाला बायको मिळते ती दुसऱ्या पुरुषाकडून, म्हणजे तिच्या भावाकडून किंवा बापाकडून. म्हणून नात्याचा सगळ्यात लहान घटक आई-बाप-मूल एवढा नसतो. त्यात चार माणसं येतात: भाऊ, त्याची बहीण, तिचा नवरा आणि त्यांचा मुलगा. या चौघांत चार नाती होतात: भाऊ-बहीण, नवरा-बायको, बाप-मुलगा, मामा-भाचा. प्रत्येक नातं मोकळं असेल तर अधिक, धाकाचं किंवा अंतराचं असेल तर उणे. मग नियम असा: मामा-भाचा हे नातं भाऊ-बहीण नात्याशी जसं जुळतं, तसंच बाप-मुलगा हे नवरा-बायकोशी जुळतं.

हे वाक्य नुसतं वाचून काहीही कळत नाही. मी ते त्याच्याच उदाहरणांवर हातानं करून पाहिलं, आणि पुढच्यांनीही तसंच करावं. आधी ट्रोब्रियांड, हा मातृवंशीय समाज. मामा-भाचा उणे, कारण मामा अधिकाराचा. भाऊ-बहीण उणे, कारण त्यांच्यात कडक अंतर पाळलं जातं. दोन्ही चिन्हं सारखी. आता दुसरी जोडी: बाप-मुलगा अधिक, नवरा-बायको अधिक. इथेही सारखी. नियम बसला. आता पॅसिफिकमधलं टोंगा, हा पितृवंशीय समाज. मामा-भाचा अधिक, भाऊ-बहीण उणे, म्हणजे विरुद्ध. बाप-मुलगा उणे, नवरा-बायको अधिक, म्हणजे इथेही विरुद्ध. नियम पुन्हा बसला. कॉकेशसमधले चेर्केसही पितृवंशीय. तिथे मामा-भाचा अधिक आणि भाऊ-बहीण अधिक. बाप-मुलगा उणे आणि नवरा-बायको उणे. पहिली जोडी सारखी, दुसरीही सारखी.

(टोंगा आणि थोंगा हे दोन वेगळे समाज आहेत, एक पॅसिफिकमधल्या बेटांवरचा, दुसरा आफ्रिकेतला. दोन्ही मामाच्याच चर्चेत येतात, म्हणून नावाशेजारी प्रत्येक वेळी प्रदेश लिहावा.)

ही तीन उदाहरणं कागदावर उतरवल्यावर दोन्ही लेखकांमधला फरक कुठे आहे ते मला नेमकं दिसलं. टोंगा आणि चेर्केस दोघेही पितृवंशीय आणि दोघांकडेही मामा मोकळा. म्हणजे मामाचं चिन्ह वंशानुक्रमाकडे बघून सांगता येतं आणि एवढ्यापुरतं रॅडक्लिफ-ब्राउनचं म्हणणं टिकतं. पण टोंगात भाऊ-बहीण दूर आणि चेर्केसांत जवळ, हा फरक वंशानुक्रमावरून सांगता येत नाही. तिथे चारही नाती एकत्र पाहावी लागतात. 'लेव्ही-स्ट्रॉसनं रॅडक्लिफ-ब्राउनला खोडून काढलं' असं सरसकट लिहिलेलं मी ठिकठिकाणी वाचलं. माझ्या मते ते बरोबर नाही. त्यानं प्रश्न मोठा केला, आणि मोठ्या प्रश्नाला जुनं उत्तर पुरत नाही हे दाखवलं. त्याच्या मांडणीचीही मर्यादा तितकीच उघड आहे. माणसांच्या वागण्यातली सगळी गुंतागुंत एका अधिक-उणे चिन्हात मावते, असं त्याला धरून चालावं लागतं. बाप मुलावर प्रेम करतो आणि त्याच्यावर चिडतोही, मग चिन्ह कोणतं द्यायचं? हे चिन्ह ठरवतं कोण, आणि कशावरून?

या प्रश्नानं मला क्षेत्रकार्याच्या संज्ञांकडे परत आणलं. पण तिथे काम अडलं. गठ्ठ्यातल्या छायाप्रतींत मॅलिनोव्स्कीच्या लेखनातली काही पानं नव्हती. ग्रंथालयात प्रत बाहेर गेलेली होती, म्हणून दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायचा अर्ज भरला. त्यावर विभागाची सही लागते, मार्गदर्शकांची चालत नाही, हे आधी विचारून घ्यावं. पुस्तक यायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. तोवर मी रिव्हर्स पुन्हा वाचला आणि त्या वाचनाचा पुढे फार उपयोग झाला.

रिव्हर्स १८९८ मध्ये केंब्रिजच्या मोहिमेबरोबर टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेला होता. तिथे त्यानं नात्यांची माहिती घेण्याची एक शिस्तशीर रीत बसवली. तो माहितीदात्याला 'तुमच्याकडे मामाला काय म्हणतात' असं विचारत नसे. आधी त्याच्या जन्मदात्या बापाचं आणि आईचं नाव विचारायचं. अनेक भाषांत 'बाप' हा शब्द चुलत्यालाही लागतो, म्हणून 'ज्याच्यापासून जन्म झाला तो' हे पक्कं करून घ्यायचं. मग भावंडांची नावं, त्यांच्या नवरा-बायकोंची, मुलांची. बाप, आई, मूल, नवरा, बायको असे मोजकेच शब्द वापरून माणसांच्या नावांची वंशावळ तयार करायची. ती पूर्ण झाली की मग एकेका नावावर बोट ठेवून विचारायचं: याला तू काय म्हणतोस? तो तुला काय म्हणतो? अमूर्त नियमापर्यंत खऱ्या माणसांच्या नावांतून पोचायचं, हा या पद्धतीचा गाभा. माहितीदात्याला शास्त्रज्ञाच्या संज्ञा कळाव्यात अशी अपेक्षा त्यात नसते आणि दोन माणसांनी सांगितलेल्या वंशावळी एकमेकींवर तपासताही येतात.

पुस्तक आल्यावर मॅलिनोव्स्की सलग वाचला. १९१५ ते १९१८ या काळात दोन टप्प्यांत तो ट्रोब्रियांडमध्ये राहिला, गावातच तंबू ठोकून आणि तिथली भाषा शिकून. १९२२ मध्ये छापलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो तीन प्रकारची सामग्री गोळा करायला सांगतो. पहिली, प्रत्यक्ष उदाहरणांच्या नोंदी आणि तक्ते. त्यांतून समाजाचा सांगाडा दिसतो. दुसरी, रोजच्या जगण्यातले बारकावे, म्हणजे लोक कसे बसतात, कोणाशी कोणत्या सुरात बोलतात, भांडण कसं पेटतं; हे मुलाखतीत मिळत नाहीत, तिथे राहूनच दिसतात. तिसरी, लोकांची बोलणी, कथा आणि मंत्र त्यांच्याच शब्दांत. सहभागी निरीक्षणाची व्याख्या लिहिताना मी 'लोकांमध्ये राहून निरीक्षण करणे' एवढ्यावर थांबले नाही. या तिन्हींपैकी दुसरी सामग्री मिळवून देणारी पद्धत, अशी तिची ओळख लिहिली. वंशावळी पद्धत पहिली सामग्री देते. दोघींमधला फरक यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता आला नाही.

त्यासाठी वापरलेला प्रसंग मॅलिनोव्स्कीच्याच नोंदींतला आहे. ओमाराकाना गावचा प्रमुख तोउलुवा. नामवाना गुयाउ हा त्याचा लाडका मुलगा. नियमानं मुलाचं गाव आईकडचं, पण बापाच्या मायेमुळे तो ओमाराकानातच राहत होता आणि त्याचा तिथे वट होता. गावावर खरा हक्क प्रमुखाच्या भाच्यांचा. मिताकाता हा त्या बाजूचा. मुलानं मिताकातावर आपल्या बायकोशी संबंध ठेवल्याचा आरोप केला आणि गोऱ्या दंडाधिकाऱ्याकडून त्याला तुरुंगात टाकवलं. ही बातमी गावात आली त्या रात्री मिताकाताच्या नातलगांनी भर गावात मुलाला हद्दपारीचे शब्द ऐकवले: हे गाव तुझं नाही, निघून जा. पहाट होण्याआधी तो गेला. प्रमुख असूनही बाप काही करू शकला नाही. तो शोकात घरात बसून राहिला. मुलाची आई आक्रोश करत राहिली आणि पुढे साधारण वर्षभरात वारली.

वंशावळ काढून या सगळ्यातलं काय मिळालं असतं? गाव भाच्यांचं आहे, एवढंच. मुलगा बापाच्या जोरावर तिथे राहत होता, म्हणजे नियमाच्या उलट रोजचं जगणं चाललं होतं, ते मिळालं नसतं. नियम एरवी गप्प असतो आणि भांडण झालं की एका रात्रीत पुढे येतो, हेही मिळालं नसतं. आणि लेव्ही-स्ट्रॉस ट्रोब्रियांडच्या बाप-मुलगा नात्यापुढे जे अधिक चिन्ह लिहितो, त्यामागे किती ताण आहे ते या प्रसंगात दिसतं. बापाची माया आणि भाच्याचा हक्क एकाच अंगणात समोरासमोर उभे असतात. हा भाग वाचून झाला त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या आईचा विचार डोक्यातून जात नव्हता.

इथे टिपणाचे दोन घटक जोडले गेले. मामाबद्दल प्रत्येकजण काय म्हणतो हे मी आधीच लिहिलं होतं. आता त्यापुढे एक रकाना वाढवला: त्याला हे कशावरून कळलं? ज्युनो दीर्घकाळ तिथे राहिला, पण मिशनरी म्हणून. रॅडक्लिफ-ब्राउनचा थोंगांबद्दलचा आधार मुख्यतः ज्युनोचं छापील वर्णन. लेव्ही-स्ट्रॉसची चिन्हं इतरांच्या नोंदींवरून लावलेली. मॅलिनोव्स्कीनं स्वतः पाहिलं, पण एका समाजात. जो जितक्या जास्त समाजांबद्दल बोलतो, तितका त्याचा आधार दुसऱ्यांच्या नोंदींवर जातो. या एका रकान्यामुळे पद्धत आणि सिद्धांत यांचे प्रश्न एकत्र आले तरी उत्तर सुचू लागलं.

श्नायडरला कुठे ठेवायचं हे मात्र शेवटपर्यंत अवघड गेलं. १९८४ च्या त्याच्या टीकेचा सारांश बहुतेक ठिकाणी 'त्यानं नातेसंबंध ही संकल्पनाच नाकारली' असा एका ओळीत मिळतो. त्यापेक्षा त्याचं याप बेटाचं उदाहरण लिहावं. याप पॅसिफिकमध्ये आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच श्नायडरनं तिथे क्षेत्रकार्य केलं होतं. तिथल्या 'तबिनाव' या गटाचं वर्णन त्यानं आधी पितृवंशीय गट असं केलं. पुढे स्वतःचीच माहिती पुन्हा पाहताना त्याला वाटलं की हा गट जमिनीभोवती उभा आहे. आपण ज्यांना बाप आणि मुलगा म्हटलं त्यांचं नातं जमिनीवरच्या कष्टांवर आणि सेवेवर टिकतं. मुलानं ते केलं नाही तर ते तुटतं आणि दुसऱ्या कोणाला ती जागा मिळू शकते. मग त्याला 'वंशानुक्रम' का म्हणायचं? श्नायडरचं बोट थेट रिव्हर्सच्या पहिल्या प्रश्नाकडे जातं. 'जन्मदाता बाप कोण' इथून सुरुवात केली की उत्तर वंशावळीच्याच आकाराचं येणार. टिपणात मी हे मामाच्या चर्चेनंतर न ठेवता वंशावळी पद्धतीच्या व्याख्येखाली, तिची मर्यादा म्हणून लिहिलं. ती जागा योग्य होती असं मला अजूनही वाटतं.

ऑक्टोबर तुलनांसाठी ठेवला होता. पंधरा गुणांच्या प्रश्नाला आमच्याकडे सुमारे अडीचशे शब्द अपेक्षित असतात आणि वेळ मिळतो पंचवीस मिनिटं. तुलनेच्या उत्तरात बिघाड होतो तो एकाच जागी: अर्ध्या पानात एकाचं वर्णन, अर्ध्या पानात दुसऱ्याचं, आणि शेवटी 'अशा प्रकारे दोघांत फरक आहे'. परीक्षकाला त्यात तुलना सापडत नाही. आपलं उत्तर असं झालं आहे का ते तपासायला प्रत्येक परिच्छेदात दोघांचीही नावं येतात का ते पाहावं. आधी कसोट्या ठरवायच्या आणि प्रत्येक कसोटीवर दोघांना एकत्र उभं करायचं. मामाच्या प्रश्नाला मी तीन कसोट्या घेतल्या: सुरुवात कशापासून, स्पष्टीकरण कशानं, आणि काय सुटतं. माझ्या टिपणातलं उत्तर थोडं आखडून असं होतं:

'रॅडक्लिफ-ब्राउन आई-बाप-मुलं या कुटुंबापासून सुरुवात करतो आणि मामाला आईच्या बाजूचा विस्तार मानतो. लेव्ही-स्ट्रॉस बायको देणाऱ्या आणि घेणाऱ्या पुरुषांच्या व्यवहारापासून सुरुवात करतो, त्यामुळे त्याच्यासाठी मामा मूळ घटकातच असतो. पहिल्याचं स्पष्टीकरण भावनेच्या विस्तारानं आणि वंशगटानं होतं; थोंगांमध्ये बाप धाकाचा, म्हणून आई आणि तिचा भाऊ मायेचे. दुसऱ्याचं स्पष्टीकरण चार नात्यांच्या परस्परसंबंधानं होतं. टोंगा आणि चेर्केस दोघेही पितृवंशीय असूनही त्यांच्यात भाऊ-बहिणीचं नातं वेगळं का, हे पहिल्याला सांगता येत नाही, दुसऱ्याच्या मांडणीत ते नवरा-बायकोच्या नात्याशी जोडलं जातं. मात्र दोघेही मुख्यतः इतरांच्या नोंदींवर विसंबतात. पहिला भावना गृहीत धरतो, दुसरा वागणुकीला एकेक चिन्ह देतो. ओमाराकानातल्या हद्दपारीसारखा प्रसंग दाखवतो की एकाच नात्यात माया आणि संघर्ष एकत्र असू शकतात, आणि ते दीर्घ सहभागी निरीक्षणाशिवाय नोंदवता येत नाही.'

हे घड्याळ लावून लिहून पाहिलं तेव्हा वेळ संपत आल्यावरही तिसरी कसोटी बाकी होती. नावं, वर्षं आणि समाज यांची यादी उत्तराआधी समासात लिहून टाकली की मधे आठवत बसण्यात वेळ जात नाही; मला त्यानं बराच फरक पडला. ज्युनोचे सगळे तपशीलही देत बसू नयेत. रांधलेलं खाऊन टाकणं हा एकच पुरतो.

मॅलिनोव्स्कीबद्दल एक तुलना मी शेवटच्या आठवड्यात वाढवली. ॲनेट वायनर १९७०च्या दशकात ट्रोब्रियांडला गेली आणि १९७६ मध्ये तिचा ग्रंथ आला. मृत्यूनंतरच्या विधींत बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि घागरे यांची मोठी देवघेव करतात आणि ती बायकांची संपत्ती आहे, हे तिनं मांडलं. मॅलिनोव्स्कीनं या देवघेवीला महत्त्व दिलं नव्हतं. तोच प्रदेश, तीच पद्धत, पण दिसलं वेगळं, कारण वायनर बायकांबरोबर बसली होती. पुनरभ्यास या संज्ञेला याहून चांगलं उदाहरण गठ्ठ्यात नव्हतं आणि त्यामुळे माझ्या अधिकाराच्या रकान्यालाही दुरुस्ती करावी लागली. तिथे आधी नुसतं 'मामा' होतं. आता पुढे लिहिलं: 'मुलावरचा अधिकार मामाचा, मृत्युविधींतल्या संपत्तीवर बायकांचा ताबा'.

टिपण मुदतीच्या आदल्या दिवशी जमा केलं. मुखपृष्ठ, घोषणापत्र आणि विभागाचा शिक्का पानमर्यादेत धरत नाहीत, हे कार्यालयात विचारून लिहून घेतलं होतं. शिक्क्यासाठी दुपारनंतर गर्दी होते, म्हणून सकाळी जावं. नोव्हेंबरच्या पेपरात मामाचा प्रश्न थेट आला नाही. आला तो असा: 'वंशावळी पद्धत आणि सहभागी निरीक्षण यांची नातेसंबंधांच्या अभ्यासाच्या संदर्भात तुलना करा.' मी समासात रिव्हर्स १८९८, ओमाराकाना, याप एवढंच लिहिलं आणि पहिलं वाक्य सुरू केलं: 'वंशावळ सांगते की गाव भाच्याचं आहे, त्या गावात मुलगा का राहत होता, हे सांगायला तिथे राहावं लागतं.'